चकलीतलं पाणी

मावशी पंखा बंद करते. चिपळूणची ऑक्टोबरमधली दमट दुपार, गॅसवर तेलाची कढई तापत ठेवलेली, आणि तरीही पंखा बंद. तिची सून, म्हणजे माझी वहिनी, ओढणीने कपाळ टिपते, पण तक्रार करत नाही. पिठाला वारा लागला की त्यावर कोरडा पापुद्रा धरतो, आणि पापुद्रा धरलेल्या पिठाची चकली तेलात दगा देते, हे तिला या घरात येऊन पक्कं कळलेलं आहे.

आजच्या निम्म्या चकल्या मस्कतला मावशीच्या लेकीकडे जायच्या आहेत. दिवाळी होऊन गेल्यावरही दोन-तीन आठवडे त्या कुरकुरीत राहायला हव्यात, असं लेकीने फोनवर बजावलेलं आहे.

पातेल्यात तीन वाट्या पाणी उकळतंय. मावशी त्यात मीठ, तिखट, हळद, हिंग, ओवा, पांढरे तीळ आणि पाव वाटी तेल घालते. चार वाट्या भाजणीला हे प्रमाण. मीठ ती आधी पाण्यातच का घालते, असं मी विचारते.

"पिठात घातलं तर खडा राहतो एखादा. पाण्यात तो विरघळलेला दिसतो डोळ्यांना."

भाजणी तिची स्वतःची आहे. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी मूग डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, शिवाय धणे आणि जिरे. तांदूळ धुऊन सावलीत खडखडीत वाळवलेले, मग प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगवेगळा भाजलेला, कारण उडीद डाळ तांबूस होते तेव्हा हरभरा डाळ अजून कच्चीच असते. गिरणीतून बारीक दळून आलेलं हे पीठ ती आता पुन्हा एकदा चाळते. चाळणीवर बोटभर कोंडा आणि दोन-तीन घट्ट गुठळ्या उरतात. गुठळ्या ती बोटांनी फोडत नाही, बाजूला काढून टाकते.

गॅस बंद करून ती उकळत्या पाण्यात पीठ ओतते, उलथन्याच्या दांड्याने ढवळते आणि झाकण ठेवते. पंधरा-वीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही. गरम पाण्यात तांदळातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो. गव्हाच्या पिठाला जो ताण असतो तो भाजणीत नाही. चकलीला धरून ठेवायचं काम हा फुगलेला स्टार्चच करतो. झाकणाखाली वाफ पिठात सगळीकडे सारखी मुरते. आज जे काही बिघडेल किंवा साधेल, ते या पाण्यावरच. ते पिठात सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे, तळताना त्याला बाहेर पडायला वाट मिळाली पाहिजे, आणि एकदा गेलं की परत आत येता कामा नये.

उकड कोमट झाल्यावर मावशी ती परातीत घेते आणि मळायला लागते. कोमट पाण्याचा हात घेत, तळव्याने दाबत, पुढे ढकलत. दहा मिनिटं तरी ती मळत असावी. मध्येच गोळ्यातून बोटभर पीठ तोडून त्याची वळी करते आणि हलकेच वाकवते. पहिल्यांदा वळीला बाहेरच्या बाजूने चिरा पडतात. आणखी दोन चमचे पाणी, आणखी मळणं. दुसऱ्यांदा वळी चीर न पडता वाकते आणि बोटाला चिकटतही नाही.

"हे एवढंच बघायचं," ती म्हणते. "चिरा पडल्या तर सोऱ्यातून तुटक तुटक येणार. बोटाला चिकटलं तर चकली तेल पिणार."

गोळा ओल्या, घट्ट पिळलेल्या पंचाखाली जातो. सोऱ्यात भरण्यापुरतं पीठ ती काढून घेते, बाकीचं झाकलेलंच राहतं.

सोऱ्या पितळी आहे, चकतीचं भोक चांदणीचं. या चांदणीमुळे नुसता काटाच येतो असं नाही. साध्या गोल भोकातून काढलेली जाड नळी तेलात पडली की तिच्याभोवती सगळीकडून सारखं कवच होतं आणि आतली वाफ कोंडते. काट्यांच्या मधल्या खाचांमुळे तेल आतपर्यंत पोचतं, तेलाला टेकणारा भाग वाढतो आणि वाफेला निघायला वाटा मिळतात. म्हणून चकतीच्या खाचांत वाळलेलं पीठ अडकलं असेल तर मावशी ते सुईने कोरून काढते.

पहिला सोऱ्या वहिनी भरते. घाई आहे, मुलगा आता शाळेतून येणार. ती पिठाचे छोटे छोटे गोळे करून एकावर एक आत टाकते, दट्ट्या लावते आणि प्लॅस्टिकच्या कागदावर चकल्या पाडते. मावशी तेल तपासते. पिठाचा कण टाकते. तो तळाशी जातो, क्षणभर थांबतो आणि बुडबुडे सोडत सावकाश वर येतो. वहिनीकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे, तो एकशे सत्तरच्या जवळपास दाखवतो. कण तळाशीच बसून राहिला असता तर तेल थंड, आणि पडल्या पडल्या वर येऊन लाल झाला असता तर फार तापलेलं. चार चकल्या कढईत जातात.

अर्ध्या मिनिटात एक चकली फुटते. आवाज लवंगी फटाक्याएवढा, पण तेल ओट्याबाहेर उडतं. मावशी एका हाताने वहिनीला मागे ओढते, दुसऱ्या हाताने गॅस बंद करते, आणि आम्ही तिघी कढईपासून दोन पावलं लांब उभ्या राहतो. ती कढईवर झाकण टाकत नाही. झाकणाला धरलेलं पाणी तेलात पडलं तर आणखी उडेल, असं ती तेलावरची नजर न काढता सांगते.

तेल शांत झाल्यावर ती झाऱ्याने फुटलेली चकली काढते, ताटलीत ठेवते आणि हाताला सोसवेल इतकी गार झाल्यावर मोडते. मला बोलावून दाखवते. बाहेरच्या वळशात एके ठिकाणी पोकळी आहे, करंगळीच्या नखाएवढी. तिच्या भिंती आतून गुळगुळीत आहेत आणि एक बाजू बाहेरच्या अंगाला फाटलेली. बाकीच्या चकलीत मोडल्यावर बारीक जाळी दिसते, इथे मात्र सलग पोकळी.

"इथे हवा होती," ती म्हणते. "पीठ चांगलं आहे, भरणं चुकलंय."

पाण्याची वाफ होते तेव्हा तिला पाण्याच्या सोळाशे पटीहून जास्त जागा लागते. चकलीभर पसरलेल्या ओलाव्याची वाफ असंख्य बारीक छिद्रांतून निघून जाते; तेलावर येणारा फेस म्हणजे तीच. पण पिठाच्या दोन गोळ्यांच्या मध्ये हवेचा कप्पा अडकला की आजूबाजूची वाफ त्यात साठते. तोवर बाहेरचं कवच तेलाने कडक झालेलं असतं. ते लवचीक असतं तर फुगलं असतं; कडक झाल्यामुळे एकदम फाटतं. वहिनीच्या छोट्या गोळ्यांच्या मध्ये असे कप्पे राहिले होते.

मावशी सोऱ्या उघडून सगळं पीठ काढून घेते. पुन्हा मळते, आणि सोऱ्याच्या नळीपेक्षा किंचित बारीक असा एकच लांब लाटा वळते. नळीला आतून तेलाचं बोट फिरवते, लाटा आत सरकवते, वरून अंगठ्याने दाबून तळाशी बसवते आणि मगच दट्ट्या लावते. पहिला वेढा ती कागदावर पाडत नाही, हातावरच काढते. दट्ट्या फिरवताना चकतीतून बारीक 'फुस्स' असा आवाज येतो आणि पिठाची वळी तुटते. तो हवेचा बुडबुडा बाहेर आला. तुटलेला तुकडा ती पंचाखालच्या गोळ्यात परत टाकते. त्यानंतर वळी सलग येते. मध्येच पुन्हा फुस्स झालं तर ती तिथेच थांबते, तेवढा भाग मोडून घेते आणि नवा वेढा सुरू करते. चकली तीन-साडेतीन वेढ्यांची, शेवटचं टोक आतल्या वेढ्याला हलकेच चिकटवलेलं. आणि कढईत मावतील तेवढ्याच चकल्या ती पाडते. कागदावर वीस चकल्या मांडून ठेवल्या तर शेवटच्या चकल्यांवर तोच पापुद्रा धरेल, ज्याच्यासाठी पंखा बंद आहे.

दुसरा घाणा निर्धोक जातो. थर्मामीटर खाली येतो, दीडशेच्या थोडा वर थांबतो. मावशी सुरुवातीला आच मध्यम ठेवते आणि चकल्या वर येऊन घट्ट झाल्या की कमी करते. मी मोठ्या आचेचं विचारते, लवकर होतील म्हणून.

"लवकर लाल होतील. लवकर होणार नाहीत."

हा फरक मला तिच्या कढईपाशी उभं राहिल्यावरच नीट दिसतो. चकलीत पाणी आहे तोवर तिचा आतला भाग शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतो, तेल कितीही तापलेलं असो. आच मोठी असेल तर बाहेरचा रंग पुढे पळतो, आत ओल उरते. अशी चकली कढईतून काढल्यावर अर्धा तास कुरकुरीत लागते, आणि मग आतली ओल हळूहळू कवचात पसरून ती मऊ पडते. डब्याला दोष द्यावा तर डबा तोवर उघडलेलाही नसतो.

मावशी रंग बघत नाही, फेस बघते. सुरुवातीला चकल्या फेसात दिसेनाशा होतात आणि कढई मोठ्याने चुरचुरते. दोन मिनिटांनी बुडबुडे विरळ आणि मोठे होतात. ती झाऱ्याने चकल्या एकदाच उलटते; त्याआधी हात लावला तर मऊ चकली मोडते. आणखी तीन-चार मिनिटांनी चुरचुर खाली येते, कडेला तुरळक बारीक बुडबुडे उरतात. वहिनी चकली काढायला झारा उचलते. मावशी तिचा हात धरते. "थांब. अजून बोलतेय ती." पाऊण मिनिट जातं. बुडबुडे जवळजवळ थांबतात, आणि तेव्हा झारा खाली जातो. टिकण्याचा सगळा हिशोब या पाऊण मिनिटात आहे असं मला वाटतं. त्यापुढचं सगळं जपणं म्हणजे इथे जे मिळवलं ते घालवायचं नाही, एवढंच.

दोन घाण्यांच्या मध्ये ती तेलात तरंगणारा चुरा बारीक गाळणीने काढून टाकते. तो जळाला की तेल काळं पडतं आणि चकलीला कडवट वास येतो. तेल नवं आहे, शेंगदाण्याचं. कालच्या शंकरपाळ्यांचं उरलेलं तेल तिने भाजीसाठी वेगळं काढलंय. आठवडेच्या आठवडे ठेवायच्या वस्तूला वापरलेलं तेल घालायचं नाही, कारण आधी तापलेलं तेल हवेने लवकर खवट होतं, आणि चकलीत तेल सगळीकडे मुरलेलं असतं.

तेवढ्यात शेजारच्या काकी येतात. हातात कागदाची पुडी, त्यात त्यांच्या कालच्या चकल्या. वेड्यावाकड्या, काटे गळलेल्या, दाबल्या की वाकणाऱ्या.

"ताई, बघा ना. आधी तेलात सोडली की विरघळायचीच. नुसता चुरा व्हायचा. मग मी परातीत आणखी भाजणी घातली, तर फुटायला लागल्या."

"मोहन किती घातलंत?"

"वाटीभर. चार वाट्या पिठाला. खुसखुशीत व्हाव्यात म्हणून."

मावशी मान हलवते. जास्त तेलाने पिठाचे कण एकमेकांना धरतच नाहीत; स्टार्चचा चिकटपणा त्यांच्यापर्यंत पोचू शकत नाही. म्हणून चकली तेलात सुटत गेली. आणि दुरुस्ती म्हणून काकींनी घातली कोरडी भाजणी, मळलेल्या पिठात, वरून. ती सगळीकडे मिसळली नाही. तिच्या बारीक कोरड्या गुठळ्या झाल्या आणि त्यांच्याभोवती ओलं पीठ. अशा ठिकाणी कवच जाड-पातळ होतं, हवेची जागा राहते आणि वाफ तिथेच वाट फोडते. एका चुकीवरच्या उपायाने दुसरी चूक झाली.

"उरलंय का पीठ?"

"आहे. फ्रीजमध्ये."

मावशी काकींना ओट्यापाशीच बसवते आणि उपाय सांगते, सावकाश, प्रत्येक पायरी त्यांच्याकडून वदवून घेत. आधी ते पीठ बाहेर काढून घरातल्या हवेइतकं येऊ द्यायचं, कारण गार पिठाच्या चकल्या सोडल्या तर तेल एकदम निवतं आणि त्या तेल पितात. मग पाऊण वाटी पाणी उकळायचं, त्यात किंचित मीठ, तेल अजिबात नाही, आणि एक वाटी चाळलेली भाजणी घालून वेगळी उकड काढायची. ती निवली की जुन्या पिठात थोडी थोडी मिसळत मळायचं आणि एकच चकली तळून बघायची. ती अजून सुटत असेल तर आणखी उकड. आकार धरला की थांबायचं. कोरडं पीठ पुन्हा घालायचं नाही.

काकी तिने सांगितलेलं सगळं पुन्हा म्हणून दाखवतात. मावशी एका ठिकाणी दुरुस्ती करते: चकली बघायला सोडाल तेव्हा तोंड कढईवर आणू नका.

आमच्या चकल्या आता मोठ्या चाळणीत उभ्या, एकमेकींना टेकून ठेवलेल्या आहेत. कागदावर आडव्या ठेवल्या की खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते. चाळणीत हवा चहूकडून लागते आणि जादाचं तेल खाली निथळतं. दुसऱ्या घाण्यातली एक चकली गार झाल्यावर मावशी मोडते. गरम असताना मोडून काही कळत नाही, गरम चकली जरा मऊच लागते. गार झालेली चकली टक् करून तुटते, मधल्या भागात पांढरा ओलसर पट्टा नाही, जाळी टोकापासून टोकापर्यंत एकसारखी. हा घाणा डब्यात जाऊ शकतो. पट्टा दिसला असता तर सगळा घाणा मंद तेलात पुन्हा दोन मिनिटं गेला असता.

इथे मावशीची आणि वहिनीच्या माहेरची रीत वेगळी पडते. वहिनीच्या माहेरी, सोलापूरला, तळलेलं फराळाचं रात्रभर परातीत उघडं ठेवतात आणि सकाळी डब्यात भरतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत ते चालतं. चिपळुणात रात्री हवा आणखी दमट होते, आणि परातीतली चकली सकाळपर्यंत तीच ओल ओढून घेते. म्हणून मावशी गार होण्याची वाट बघते, पण त्यापुढे एक मिनिटही नाही. ती चकली गालाला लावते. गालाला जराही ऊब लागली नाही की भरायची. ऊब असताना भरली तर तिची वाफ डब्याच्या झाकणाला आतून धरते आणि थेंब होऊन परत चकल्यांवर उतरते; फार उशीर केला तर बाहेरची हवा तेच काम करते. आज या मधल्या वेळेला साधारण पाऊण तास लागतो.

डबे स्टीलचे, झाकण घट्ट बसणारे, आणि सकाळी उन्हात वाळवून घेतलेले. कालच धुतलेल्या डब्याच्या कडेच्या पन्हळीत पाणी राहतं, ते पुसून जात नाही. तळाला कोरडा कागद. मस्कतच्या चकल्या जाड प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत, प्रत्येकीत दहा-बारा, पिशवी दाबून हवा काढलेली आणि तोंड वहिनीच्या छोट्या सीलिंग मशिनने बंद केलेलं. मग त्या पिशव्या डब्यात. मी विचारते, सगळ्या एकाच मोठ्या पिशवीत का नाही.

"ती पिशवी रोज उघडेल ना ती. रोज नवी हवा आत. अशा एकेक उघडेल, बाकीच्यांना काही कळणारसुद्धा नाही."

घरच्यासाठीही तसेच दोन डबे. एक रोज उघडायचा, लहान. दुसरा मोठा, त्यातून लहान डबा भरायचा, आणि तो आठवड्यातून एकदाच उघडायचा. चकलीच्या डब्यात मावशी दुसरं काही ठेवत नाही. पाकातले रव्याचे लाडू शेजारी ठेवले तर लाडवातली ओल चकली ओढून घेते: लाडू कोरडे पडतात आणि चकल्या मऊ. डबे गॅसपासून लांब, कपाटात, अंधारात. उजेडाने आणि उष्णतेने तेल लवकर खवट होतं.

काकी अजून बसलेल्या आहेत. पुडीतल्या कालच्या चकल्यांचं काय करायचं, असं त्या विचारतात. मावशी एक नाकाशी नेते. खवट वास नाही, नुसती मऊ आहे. ती जाड बुडाची कढई कोरडीच गॅसवर ठेवते, तेल नाही, आच अगदी मंद, आणि काकींच्या चकल्या एका थरात मांडते. पाच-सात मिनिटं, मधून मधून उलटत. ओव्हन असेल तर दीडशे अंशांवर तेवढाच वेळ, वहिनी म्हणते. एक काढून गार होऊ दिल्यावर काकी ती मोडतात. तुटते. आकार काही सुधारत नाही, पण तोंडात कुरकुरते.

"आणि खवट झाल्या असत्या तर?"

"तर टाकायच्या. पाणी काढता येतं. बिघडलेलं तेल नाही काढता येत चकलीतून."

काकी पुडी बांधतात आणि दारातून विचारतात की उद्या पीठ दुरुस्त केल्यावर पहिली चकली तळायला मावशी येईल का. मावशी दहा वाजता येते म्हणते, आणि सोऱ्या आजच धुऊन पूर्ण कोरडा करून ठेवायला सांगते.